एका पेरॉक्साइडने बदलणारं कार्ड

अकरावीच्या हायड्रोकार्बन प्रकरणात प्रोपीन आणि HBr यांची अभिक्रिया दोन वाटांनी जाते, म्हणून तिची कार्डंही दोन हवीत. पहिल्याच्या पुढच्या बाजूला फक्त प्रोपीन आणि HBr. मागे २-ब्रोमोप्रोपेन आणि यंत्रणा: प्रोटॉन टोकाच्या कार्बनला जोडला जातो, मधल्या कार्बनवर अधिक स्थिर कार्बोकॅटायन तयार होतो, ब्रोमाइड तिथेच येऊन बसतं.

दुसऱ्या कार्डावर बेंझॉइल पेरॉक्साइडची भर. आता ब्रोमीनचा मुक्त मूलक आधी टोकाला जोडला जातो; मागे १-ब्रोमोप्रोपेन.

मागे नुसतं उत्पादनाचं नाव लिहिणं पुरत नाही. पायऱ्या नसल्या की विद्यार्थी HCl लाही हाच नियम लावतो. तिथे मात्र H–Cl बंध इतका मजबूत असतो की मूलकांची साखळी चालत नाही. कार्ड उलटूनही विचारावं: उत्पादन १-ब्रोमोप्रोपेन असेल, तर परिस्थिती कोणती होती?