पुसलेली फाइल जाते कोठे?

समजा, घरातील एकाच संगणकावर ताई, दादा आणि बाबा यांची विंडोजमधील निरनिराळी खाती आहेत. डिस्कवर 3 जीबी जागा उरली आहे. ताईने 4 जीबीची चित्रफीत पुसली, तरी मोकळी जागा 3 जीबीच! असे का व्हावे? पुसलेली फाइल डिस्क सोडत नाही. ती रिसायकल बिन नावाच्या कचरापेटीत सरकते. बाबांनी पेटी उघडली, तर ती रिकामी. कारण चित्र सारखे दिसले तरी प्रत्येक खात्याची पेटी वेगळी असते. ताईने स्वतःच्या खात्यात येऊन पेटी रिकामी केली, की आकडा 7 होतो.

तात्पुरत्या फाइलींचेही तसेच. विंडोजची कळ व R दाबून `%TEMP%` लिहिले, की आपल्याच खात्याचे फोल्डर उघडते. त्यातील एखादी फाइल चालू प्रोग्राम वापरत असेल, तर ती पुसली जात नाही. ती खुशाल सोडून द्यावी.

अर्धवट डाउनलोड मात्र येथे सापडत नाहीत. क्रोम ती डाउनलोडच्याच फोल्डरमध्ये `.crdownload` अशी शेपटी लावून ठेवतो. तारीख जुनी असेल आणि आकार वाढत नसेल, तर काम बंद पडले किंवा कोणी थांबवून ठेवले आहे असे समजावे. दादाने थांबवले असेल, तर पुसायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे.