‘या वेळी तरी’ वेळेवर या!

‘अखेर एकदाचं आमच्या चिरंजीवांचं लग्न ठरलं! रविवारी दुपारी १२.३५चा मुहूर्त आहे. या वेळी तरी सगळ्यांनी वेळेवर यावं. आहेर नको, आशीर्वादच पुरे. ज्यांना सवड असेल त्यांनी आदल्या दिवशी हळदीलाही यावं.’

माझ्या परिचयातील एका वरपित्याने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटासाठी लिहिलेला हा मजकूर. गटात साठेक माणसे. लिहिताना गृहस्थ आनंदात होते आणि वाक्यावाक्याला स्वतःशी हसत होते. अडचण अशी की ते हसू मजकुरात उतरले नव्हते, पण त्यांना ते तिथे दिसत होते.

यावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. विद्यार्थ्यांनी काही वाक्ये मनापासून, तर काही उपरोधाने समोरच्याला कळवायची होती. कधी आवाजात, कधी ईमेलने. समोरच्याला सूर सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाज ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा तो ओळखला. वाचणाऱ्यांनी मात्र फक्त ५६ टक्के वेळा. नाणे उडवून सांगितले असते तरी ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती! आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वाचणारा मित्र असो की अनोळखी, फरक पडला नाही. ‘आपलीच माणसं आहेत, समजून घेतील’ या भरवशाला इथे फारसा आधार नाही.

कारण साधे आहे. आपण स्वतःचे वाक्य वाचतो तेव्हा मनात आपलाच आवाज वाजत असतो. उपरोध ओळखण्यासाठी मेंदू शब्दांइतकाच आवाजाच्या चढउतारावर विसंबतो. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात झालेल्या काही रुग्णांना शब्द सगळे कळतात, पण टोमणा कळत नाही. लेखी निरोपात सूरच नसतो. मग वाचणारा त्याच्या मनःस्थितीतला सूर त्या शब्दांना लावतो.

मराठीत हा धोका छोट्या शब्दांत दडलेला असतो. ‘एकदाचं’ म्हणजे सुटकेचा आनंद, किंवा ‘जमतच नव्हतं’ याची कबुली; मुलीकडचे कोणी वाचले तर दुसरा अर्थ लागायला वेळ लागत नाही. ‘पुरे’ तर दारातून परत पाठवल्यासारखे वाटू शकते. ‘ज्यांना सवड असेल’ यात बाकीच्यांना सवड नाही, असे ऐकू येते.

वरपित्याने हा मजकूर आधी पत्नीला दाखवला. ‘छान आहे,’ त्या म्हणाल्या. त्यांच्याही कानात तोच आवाज होता. मग तो धाकट्या भावाच्या नव्या सुनेकडे गेला. ‘बरा आहे का?’ असे न विचारता ‘हे वाचून तुला काय कळलं?’ असे विचारले. तिने उलट विचारले, ‘काका, मागच्या वेळी उशिरा कोण आलं होतं?’ मागच्या लग्नात थोरले काका अक्षता पडल्यावर पोहोचले होते. आदल्या दिवशीच्या डायलिसिसने ते थकले होते. लिहिणाऱ्याच्या मनात ते नव्हतेच. पण ‘या वेळी तरी’ त्यांनी स्वतःवरच घेतले असते, आणि बहुधा आले नसते.

अशा वाचकाला दाखवण्याआधी घरीच करण्याजोगी एक चाचणी आहे. निरोप मोठ्याने, पण मुद्दाम उलट्या सुरात वाचायचा: तुटक, कपाळाला आठी घालून. वर सांगितलेल्या अभ्यासातही वाक्ये विरुद्ध सुरात वाचायला लावल्यावर पाठवणाऱ्यांचा फाजील आत्मविश्वास उतरला होता. असे वाचताना जे वाक्य सहज टोमणा होते, ते बदलायचे. ‘आहेर नको, आशीर्वादच पुरे’ लगेच पकडले जाते. ‘मुहूर्त १२.३५चा आहे’ कितीही फणकाऱ्याने म्हटले तरी माहितीच राहते.

हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह जोडून काम भागेल, असे अनेकांना वाटते. मला त्याचा भरवसा वाटत नाही. ‘या वेळी तरी’नंतर हसरा चेहरा आला की टोमणा आणखी पक्का होतो.

शेवटी गटावर गेलेला मजकूर असा: ‘आमच्या चिरंजीवांचं लग्न ठरलं आहे, फार आनंद झाला आहे. मुहूर्त रविवारी दुपारी १२.३५चा. अकरापासून कार्यालयात चहा-नाश्त्याची सोय आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी हळद आहे, तिलाही सगळ्यांनी यावं. कृपया आहेर आणू नये, तुमचे आशीर्वाद हवेत.’ वेळेवर येण्याचा आग्रह चहा-नाश्त्याने केला. थोरल्या काकांना वेगळा फोन झाला आणि त्यांच्यासाठी कार्यालयात आडवे होण्यापुरती एक खोली राखून ठेवली गेली.

चुकीचा निरोप गेलाच, तर व्हॉट्सअॅपवर तो पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो. मात्र त्यावर दुरुस्तीची खूण राहते, आणि तोवर ज्यांनी वाचला त्यांनी वाचलाच. अशा वेळी गटावर खुलासे लिहीत बसू नये. ज्याला लागले असेल त्याला फोन करावा. आवाजात सूर असतो.