वाटणीआधीची शब्दसूची

धरण किंवा खाण प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल चारशे पानांचा असला की तो चार अनुवादकांत वाटला जातो. मग एकच 'बफर झोन' पाण्याच्या प्रकरणात 'प्रभाव क्षेत्र' होतो, तर जंगलाच्या प्रकरणात 'संरक्षक पट्टा'. जनसुनावणीला आलेल्या शेतकऱ्याला वाटतं, या दोन वेगळ्या जमिनी आहेत.

म्हणून वाटणीआधी एकानेच सारांश, अनुक्रमणिका आणि तक्त्यांची शीर्षकं वाचावीत. जे शब्द एकापेक्षा जास्त प्रकरणांत येतात, तेवढेच सूचीत घ्यावेत. सगळा कोश उतरवला तर कुणी उघडत नाही. प्रत्येक शब्दापुढे ठरलेला पर्याय, मूळ वाक्य आणि टाळायचा पर्यायही हवा. हा शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वाद तिथेच मिटतो. पदनामांसाठी भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आहेच.

शैलीपत्रक दोन पानांत मावावं: अंक देवनागरी की रोमन, 'मिलियन'चे लाख करायचे का, गावांची नावं महसुली नोंदीप्रमाणे लिहायची का. हेक्टरचे एकर मात्र करू नयेत. तक्त्यांतल्या बेरजा बिघडतात.

प्रत्येकाची पहिली पाच पानं शेजारी ठेवून तपासली की सूचीतल्या फटी दिसतात. त्यानंतरचा बदल एकाच व्यक्तीने करावा आणि त्याच दिवशी सर्वांना कळवावा.