थर्मासात दूध नको, पाणी ठेवा

थंडीच्या दिवसांत दही लागेनासं झालं की आमच्या घरी एक हमखास उपाय असायचा. कोमट दुधाला विरजण लावायचं आणि ते रुंद तोंडाच्या थर्मासात ओतून झाकण घट्ट लावायचं. सकाळी उघडलं की कवडीदार दही तयार. जंतूंना हवा तेवढा ऊबारा रात्रभर टिकवून धरणं, एवढंच काम थर्मास तिथे करत असे.

माझ्या भाचीच्या खोलीत रात्री दहा वाजता थर्मास भरताना पाहिला, तेव्हा मला ते दहीच आठवलं. बाळ सहा आठवड्यांचं. तिचं दूध पुरेसं येत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी काही वेळा वरचं दूध, म्हणजे डब्यातली पावडर, सांगितलं होतं. रात्री अडीचला उठून पाणी उकळायचं, निववायचं, कालवायचं आणि तोवर बाळाने घर डोक्यावर घ्यायचं, हे टाळावं म्हणून तिच्या सासूबाईंनी दोन वेळचं दूध आधीच कालवून थर्मासात भरलं होतं. त्यामागे मायाच होती. पण बाळाच्या पोटात जाणाऱ्या दुधाला कोमट ठेवून चार-पाच तास तसंच ठेवणं, म्हणजे विरजण न लावता दही लावायला ठेवणं. फरक एवढाच की इथे कोणते जंतू वाढतील ते आपण निवडलेलं नसतं.

आता कुणीही विचारेल की पावडर तर बंद डब्यातली, पाणी उकळलेलं, बाटलीही उकळून घेतलेली; मग जंतू येतील कुठून? उत्तर डब्यातच आहे. पावडरचं दूध निर्जंतुक नसतं. ते स्वच्छ कारखान्यात होतं, तपासलं जातं, तरी पूर्ण निर्जंतुक करून विकता येत नाही. कोरड्या पावडरीत महिनोन् महिने तग धरून राहणारा एक जंतू आहे, क्रोनोबॅक्टर. कधी कधी साल्मोनेलाही सापडतो. कोरडेपणात ते वाढत नाहीत, नुसते पडून राहतात. ओल आणि ऊब मिळाली की वाढू लागतात. क्रोनोबॅक्टरची लागण क्वचित होते, पण दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला झाली तर ती रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सांगितलं की पावडर ज्या पाण्यात पडते ते पाणी त्या क्षणी किमान 70 अंश सेल्सिअस असावं. म्हणजे गरम पाण्याला इथे दोन कामं आहेत: पावडर विरघळवणं आणि पावडरीतल्या जंतूंना मारणं.

आपल्याकडची सर्वांत मोठी चूक इथेच होते. पाणी उकळतात, अगदी मन लावून उकळतात, मग ते कोमट होऊ देतात आणि कोमट पाण्यात पावडर घालतात. किंवा उकळलेलं गरम आणि उकळून गार केलेलं असं दोन्ही पाणी आधी एकत्र करून हाताला सोसेल असं करतात आणि मग पावडर टाकतात. पाणी शुद्ध झालं, पावडर मात्र आहे तशीच राहिली. क्रम उलटा हवा: गरम पाण्यात पावडर, मग तयार दूध गार. आणि आरओचं किंवा बाटलीबंद पाणी असलं तरी ते उकळायचंच, कारण तेही निर्जंतुक नसतं.

एक अडचण सांगून टाकते. आपल्याकडच्या काही डब्यांवर पाणी कोमट करूनच पावडर घाला असं छापलेलं असतं, आणि ज्यांत उपयुक्त जंतू, म्हणजे प्रोबायोटिक, घातलेले असतात तेही 70 अंशांना मरतात. बाळ तान्हं असेल किंवा वेळेआधी जन्मलेलं असेल, तर डबा दाखवून बाळाच्या डॉक्टरांनाच विचारावं. भाचीच्या डॉक्टरांनी 70 अंशांचं पाणी वापरायला सांगितलं.

म्हणजे थर्मास हवाच, पण दुधासाठी नव्हे, पाण्यासाठी. नुकतंच उकळलेलं पाणी काठोकाठ भरून झाकण लावलेला चांगला थर्मास ते काही तास 70 अंशांच्या वर ठेवतो. त्या उष्णतेत क्रोनोबॅक्टरचा निभाव लागत नाही. किती तास, हे मात्र प्रत्येक थर्मासाचं वेगळं असतं. खोक्यावर लिहिलेले चोवीस तास त्यासाठी उपयोगाचे नाहीत, कारण चहा गरम वाटणं आणि पाणी 70 अंश असणं यांत बरंच अंतर आहे. 55 अंशांच्या पाण्यातूनही वाफ निघते, हातालाही चटका बसतो. बोटाने किंवा वाफेवरून 70 ओळखता येत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर लागतो, तो काही शे रुपयांत मिळतो.

पुढच्याच आठवड्यात भाचीला महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरला जायचं होतं. गाडी रात्री मुंबईहून निघते आणि सकाळी पोचते, म्हणजे वरच्या दुधाच्या वेळा थेट गाडीत. गाडीत विजेची किटली लावायला रेल्वेची बंदी आहे, आणि फलाटावर मिळणारं गरम पाणी खरोखर उकळलेलं आहे की नुसतं तापवलेलं, हे कळायला मार्ग नाही. तेव्हा पाणी घरूनच न्यायचं होतं. आधी दोन-तीन रात्री आम्ही घरीच रंगीत तालीम केली.

दोन स्टीलचे थर्मास होते, एक अर्ध्या लिटरचा, एक लिटरचा. दोन्ही फक्त बाळासाठी ठेवलेले, कारण चहा-कॉफी ठेवलेल्या थर्मासाच्या झाकणातल्या रबरी रिंगखाली दुधाचा अंश साठतो. ती रिंग काढून घासली. काचेचं भांडं असलेला जुना थर्मास बाजूला ठेवला, काच तडकली तर तुकडे पाण्यात येतात म्हणून. संध्याकाळी साडेसातला दोन्हींत आधी थोडं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवलं आणि टाकून दिलं. थंड स्टील पहिल्याच क्षणी पाण्याची उष्णता खाऊन टाकतं, ती भूक आधी भागवायची. मग खळखळ उकळणारं पाणी गळ्यापर्यंत भरलं.

रात्री साडेअकराला अर्ध्या लिटरचं पाणी 81 अंश भरलं. लिटरचा थर्मास तोवर उघडलाच नव्हता. तो तीन वाजता उघडला तर 79. सकाळी सहाला 70. दुसऱ्या रात्री तोच लिटरचा थर्मास मुद्दाम निम्मा भरून पाहिला तर तीन वाजता 68, म्हणजे निकामी. आत जितकं पाणी कमी तितकं ते लवकर निवतं, आणि थर्मासातली उष्णता मुख्यतः गळ्यातून आणि झाकणातून जाते. दर वेळी उघडलं की आणखी थोडी गेली. यावरून एक सोपा हिशेब निघाला: लहान थर्मास पहिल्या वेळेला, मोठा काठोकाठ भरून तीनपर्यंत न उघडता. थर्मास बाहेरून हाताला कोमट लागला तर त्यातली निर्वात पोकळी गेली असं समजावं. तो थर्मास कामाचा नाही.

थर्मासात 79 असलेलं पाणी बाटलीत ओतलं की गार बाटलीमुळे ते आणखी उतरतं. आम्ही मोजलं तर 74 झालं. म्हणून सकाळी सहाचं 70 हे नुसतं वर-वर पुरेसं. बाटलीत ते नक्की कमी पडणार. इथे भाचीने स्वतःच मार्ग काढला. पहाटे तिला दूध बऱ्यापैकी असायचं, तेव्हा सहाची वेळ अंगावरच्या दुधाची ठरली, आणि वरचं दूध फक्त साडेअकरा आणि तीनला.

पावडर दोन छोट्या स्टीलच्या डब्यांत आधीच मोजून घेतली. डब्या उकळून, पूर्ण कोरड्या करून. आत एक थेंब राहिला तरी पावडर ओलसर होते. 90 मिलिलिटरला तीन माप, डब्यातल्याच चमच्याने, सुरीच्या पाठीने सपाट करून. शीग लावली तर दूध दाट होतं आणि बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, कमी घातलं तर बाळाचं पोषणच होत नाही. बाटल्या उकळून, झाकणं घट्ट लावून वेगळ्या पिशवीत ठेवल्या. वाटी-चमचा किंवा बोंडलं धुवायला सोपं, म्हणून घरी तेच बरं. पण हलत्या गाडीत दूध सांडतं, तेव्हा बाटली घेतली.

गाडीत साडेअकराला बाळ चुळबुळू लागताच, रडायच्या आत, भाचीने त्याला माझ्याकडे दिलं. गरम पाणी ओतताना बाळ ओतणाऱ्याच्या मांडीवर नसावं, आणि गाडी हलत असेल तर थर्मास पायांत घट्ट धरावा. आधी बाटलीत 90 पर्यंत पाणी, मग पावडर, झाकण, आणि बाटली नीट फिरवून कालवणं. गार करायला स्टीलच्या मगात साधं पाणी घेऊन त्यात बाटली उभी केली. मगातलं पाणी टोपणाच्या खालीच राहील एवढं. पाच-सात मिनिटं लागली, मध्ये एकदा मगातलं पाणी बदललं. मग बाटली बाहेरून पुसून मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून पाहिले. थेंब गार नाही, गरमही नाही, एवढंच जाणवलं पाहिजे.

बाळाने साठ प्यायलं आणि झोपलं. उरलेलं तीस तीन वाजता उपयोगी पडेल असं कुणाच्याही मनात येतं. पण बाळाच्या तोंडाची लाळ त्यात गेलेली असते, आणि कालवलेलं दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचंच नसतं. घरी रेफ्रिजरेटर असला तर न उष्टावलेलं, झटपट गार करून 5 अंशांखाली ठेवलेलं दूध चोवीस तासांपर्यंत चालतं. गाडीत तशी सोय नव्हती. तिने ते तीस बेसिनमध्ये ओतून दिलं.

तीन वाजता मोठा थर्मास उघडला आणि मी थर्मामीटर धरला: 78. दूध झालं, बाळ प्यायलं. पहाटे पाण्याने भरलेला थर्मास तसाच बॅगेत होता. कोल्हापूरला उतरल्यावर सासूबाईंनी तो हातात घेतला, झाकण उघडलं, वाफ पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, अजून गरम आहे की, एक वेळ होईल." भाचीने थर्मामीटर बुडवून त्यांच्यासमोर धरला. 68. त्यांनी तो आकडा वाचला, आणि ते पाणी बाळाच्या अंघोळीच्या बादलीत ओतलं.