शेरा की सूड?

आगाशीतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांशी बोलताना गोपनीय अहवालाचा विषय हमखास निघतो. शेरा कडक आहे म्हणून तो छळ ठरत नाही. ‘मार्चमधील चार प्रकरणे मुदतीनंतर सादर केली’ हे आवक-जावक नोंदवहीत तपासता येते. ‘वृत्ती असहकाराची’ याला उत्तरच देता येत नाही.

गोड शेराही घात करतो. देव दत्त या अभियंत्याला ‘चांगला’ मिळाला. बढतीला ‘अतिशय चांगला’ हवा होता, आणि शेरा त्यांना कळवलाच नव्हता. प्रत्येक शेरा कळवावा, म्हणजे दाद मागता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्ये ठरवले.

मात्र न कळवणे म्हणजे आकस नव्हे. तेवढाच उशीर करणाऱ्या सहकाऱ्याला कोणता शेरा मिळाला, हे पाहिल्यावरच आकस उघडा पडतो.