नोकरी सांभाळून ‘ओएस’चा पेपर: १४ दिवसांची आखणी

नोकरीवरून घरी आल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासाला रोज फार तर दीड तास मिळतो. पेपर सोमवारी असेल, तर दोन आठवडे आधीच्या सोमवारपासून हिशेब मांडा. कामाच्या १० दिवसांचे १५ तास आणि शनिवार-रविवारी रोज चार याप्रमाणे १६, असे एकूण ३१ तास हाती येतात. ते पुस्तकातल्या प्रकरणांच्या क्रमाने वाटू नयेत. थकलेल्या डोक्याला काय झेपतं, ते पाहून वाटावेत.

संध्याकाळी गणितं घ्यावीत. थकल्यावर नुसतं वाचलेलं डोक्यात राहत नाही. गणितात मात्र चूक कागदावरच दिसते. सोमवार-मंगळवार सीपीयू शेड्युलिंग, बुधवारी पेजिंग, गुरुवारी पेज रिप्लेसमेंट, शुक्रवारी डिस्क शेड्युलिंग. शनिवारची ताजी सकाळ सेमाफोरला आणि रविवारची डेडलॉक व बँकर्स अल्गोरिदमला द्यावी. फाइल सिस्टिम रविवारी दुपारी उरकते.

सोमवारचं एक गणित पाहू. राउंड रॉबिन, क्वांटम २. पी१, पी२, पी३ एकाच वेळी, शून्याला आले; त्यांना सीपीयू अनुक्रमे ५, ३ आणि १ एकक हवा आहे. पाळ्या अशा लागतात: पी१ दोनपर्यंत, पी२ चारपर्यंत, पी३ पाचपर्यंत, पुन्हा पी१ सातपर्यंत, पी२ आठपर्यंत आणि शेवटी पी१ नऊपर्यंत. शेवटचा आकडा ९ आणि ५+३+१ सुद्धा ९, म्हणजे तक्ता जुळला. पूर्ण होण्याच्या वेळेतून कामाचा वेळ वजा केला की थांबण्याचा वेळ मिळतो: ४, ५ आणि ४, सरासरी ४.३३. बरेच जण पहिली पाळी येईपर्यंतचाच वेळ मोजून ०, २, ४ लिहितात आणि मधल्या पाळ्यांतलं थांबणं विसरतात.

दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचा क्रम तोच, पण पुस्तक मिटून. पहिल्याच प्रयत्नात बरोबर आलेला प्रकार सोडून द्यावा आणि तो वेळ चुकलेल्याला द्यावा. शनिवारी प्रोड्यूसर-कन्झ्युमरचा कोड न बघता लिहावा. प्रोड्यूसरमध्ये हा क्रम तपासावा:

```
wait(empty)
wait(mutex)
```

या ओळी उलट लिहिल्या आणि बफर भरलेला असला, तर प्रोड्यूसर कुलूप धरून थांबतो, कन्झ्युमरला आत जाता येत नाही आणि दोघंही अडकतात. हे कारण सांगता आलं, तर सेमाफोर समजला.

रविवारी परीक्षेच्याच वेळेला मागच्या वर्षीचा पेपर घड्याळ लावून सोडवावा. दुपारी फक्त त्यातल्या चुका पाहाव्यात.

एखादी संध्याकाळ ऑफिसच्या कामात गेली, तर ती जागरणाने भरून काढू नका. दुसऱ्या आठवड्यातला, तुम्हाला येत असलेला एखादा प्रकार वगळा. शनिवारची सकाळ मात्र कोणालाही देऊ नका.