यंत्र एकाच्या दारात, घसारा दुसऱ्याच्या खात्यात

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारे एखादे छोटे वर्कशॉप घ्या. मालकाला 20 लाखांचे व्हीएमसी मशीन हवे आहे. बँकेकडून कर्ज घेता येईल किंवा लीज कंपनीकडून तेच मशीन पाच वर्षांसाठी भाड्याने घेता येईल. दोन्हीकडे हप्ता जवळपास सारखाच बसतो, मशीन त्याच कोपऱ्यात उभे राहते आणि तोच कामगार त्यावर काम करतो. पण मार्चनंतर विवरणपत्र भरायची वेळ आली की प्रश्न पडतो: घसारा कोणी घ्यायचा, आणि हप्त्यातले व्याज कोणाच्या वजावटीत जाते?

हिशेबाच्या वह्या आणि प्राप्तिकराचा कायदा या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे देतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी वह्यांचे पाहू. लेखाशास्त्र लीजचे दोन प्रकार मानते. विमान कंपनी वीस-पंचवीस वर्षे उडू शकणारे विमान सात-आठ वर्षांसाठी घेते आणि मग परत करते. विमान जुने झाले, बाजारात त्याची किंमत पडली, तर ते नुकसान देणाऱ्याचे असते. ही ऑपरेटिंग लीज, म्हणजे सरळ भाडे. फायनान्स लीजची गोष्ट वेगळी. मशीनच्या उपयुक्त आयुष्याचा बहुतेक काळ ते घेणाऱ्याकडेच राहते, मशीनची जवळपास सगळी किंमत व्याजासकट भाड्यातून वसूल होते, दुरुस्ती आणि विमाही बहुधा घेणाराच पाहतो. मशीन बंद पडले तरी हप्ता चुकत नाही. मालकीतून येणारी जोखीम आणि लाभ असे घेणाऱ्याच्या पदरात पडतात, म्हणून कागदावर नाव दुसऱ्याचे असले तरी लेखाशास्त्र त्या मशीनला घेणाऱ्याची मालमत्ता समजते. एप्रिल 2001 पासून लागू झालेले एएस 19 हे लेखामानक तेच सांगते: घेणाऱ्याने मशीन आपल्या ताळेबंदात दाखवावे, घसारा लावावा आणि हप्त्याचे मुद्दल व व्याज असे दोन भाग करावेत. मोठ्या कंपन्यांना 2019 पासून इंड एएस 116 लागू झाले. त्यात घेणाऱ्यापुरता दोन प्रकारांमधला भेदच उरला नाही, थोडे अपवाद वगळता प्रत्येक लीज ताळेबंदावर आली.

प्राप्तिकर मात्र जोखीम कोणाची हे विचारत नाही. 1961 च्या कायद्यातील कलम 32 च्या दोनच अटी आहेत: मालमत्ता पूर्ण किंवा अंशतः करदात्याच्या मालकीची हवी आणि ती त्याच्या व्यवसायासाठी वापरलेली हवी. 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण या दोन अटी कायम राहिल्या. एएस 19 आले तेव्हा कंपन्यांना वाटले, वहीत मशीन आपले, म्हणजे करातही घसारा आपला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 9 फेब्रुवारी 2001 च्या परिपत्रक क्रमांक 2 मध्ये हा समज खोडून काढला. लेखामानकाचा घसाऱ्याच्या हक्कावर काहीही परिणाम होणार नाही, घसारा मालकालाच मिळेल आणि मालक कोण हे दोघांमधल्या करारावरून ठरेल, असे मंडळाने सांगितले.

तरीही वाद संपला नाही. आकारणी अधिकाऱ्यांना लीज कंपनी ही निव्वळ कर्ज देणारी वाटायची, आणि त्यामागे कारण होते. काही वस्तूंवर पूर्वी पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळत असे. नव्वदीच्या दशकात गॅस सिलिंडर, बॉयलर, विजेचे मीटर अशा वस्तू मूळ मालकाकडून विकत घेऊन त्यालाच परत भाड्याने देण्याचे व्यवहार बोकाळले. वस्तू जागची हलत नसे, फक्त घसारा नफ्यातल्या कंपनीच्या वहीत जाई. अखेर 1 ऑक्टोबर 1996 पासून कायद्यात कलम 43(1) चे स्पष्टीकरण 4अ आले. विकणाऱ्यालाच मालमत्ता परत लीजवर दिली, तर घेणाऱ्या कंपनीने कितीही किंमत मोजली असो, घसारा मूळ मालकाच्या वहीत उरलेल्या किमतीवरच मिळेल, असे त्याने ठरवले.

खऱ्या लीजचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात सुटला, तो जानेवारी 2013 मध्ये, मणिपालच्या आयसीडीएस या वित्त कंपनीच्या खटल्यात. कंपनीने उत्पादकांना पैसे मोजून वाहने विकत घेतली आणि ग्राहकांना लीजवर दिली. वाहनांचा ताबा ग्राहकांनी परस्पर घेतला, आरटीओत नोंदणीही ग्राहकांच्या नावावर झाली. अधिकाऱ्याचा आक्षेप साधा होता: वाहन तुमच्या नावावर नाही, तुम्ही ते चालवतही नाही, तुम्ही तर फक्त पैसे पुरवले, मग घसारा कसला? कर्नाटक उच्च न्यायालयाने हे मान्य केले.

सर्वोच्च न्यायालयाने करार उघडून वाचला. वाहनाची मालकी सर्व काळ कंपनीची राहील, हप्ता थकला तर ती वाहन परत घेईल, मुदत संपल्यावर ग्राहकाने ते परत करायचे, असे त्यात लिहिले होते. मोटार वाहन कायदा लीजवर घेणाऱ्याला मालक म्हणतो, पण ते त्या कायद्यापुरतेच. आरटीओच्या कागदाने वाहनाची खरी मालकी बदलत नाही. वापराच्या मुद्द्यावर न्यायालय म्हणाले की कायद्याला मालकाने स्वतः वाहन चालवणे अपेक्षित नाही. भाड्याने देणे हाच ज्याचा धंदा, त्याने ते भाड्याने दिले की त्याच्या व्यवसायासाठी त्याचा वापर झाला.

या निकालातले एक निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. ग्राहकांनी त्या वाहनांवर घसारा मागितलेलाच नव्हता. त्यांनी सगळे भाडे खर्च म्हणून वजा केले होते आणि तेच सगळे भाडे कंपनीच्या हाती उत्पन्न म्हणून करपात्र ठरले होते. अशा वेळी कंपनीलाही घसारा नाकारला, तर झिजणाऱ्या मालमत्तेचा घसारा कोणालाच मिळणार नाही. दोन्ही बाजूंची विवरणपत्रे एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे म्हणजे अशा व्यवहाराची नाडी पाहणे आहे.

आता भोसरीच्या मशीनकडे परत येऊ. 20 लाखांची किंमत, 12 टक्के दर, पाच वर्षे, वर्षाअखेरीस एक हप्ता. असा हप्ता सुमारे 5,54,820 रुपयांचा येतो. पाच वर्षांत एकूण 27,74,100 रुपये जातात, त्यातले 7,74,100 रुपये व्याजाचे.

फायनान्स लीज असेल तर पहिल्या वर्षी वहीत 2,40,000 रुपये व्याज आणि सरळ रेषेने 4,00,000 रुपये घसारा, मिळून 6,40,000 रुपये खर्च पडतो. प्राप्तिकरात मात्र हे दोन्ही आकडे नफ्यात परत मिळवायचे आणि त्यांच्या जागी प्रत्यक्ष भाडे, 5,54,820 रुपये, वजा करायचे. करासाठी त्या भाड्यात व्याज असे वेगळे काही नसतेच, सगळे महसुली खर्चात जाते. पहिल्या वर्षी करपात्र नफा वहीपेक्षा 85,180 रुपयांनी जास्त निघतो. पुढे वहीतले व्याज उतरत जाते आणि पाचव्या वर्षी वहीचा खर्च सुमारे 4,59,000 रुपयांवर येतो, तेव्हा फरक उलटा होतो. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे सारखीच येते.

लीज कंपनीच्या बाजूने चित्र नेमके याच्या उलट आहे. तिच्या वहीत मशीन नसते, फक्त येणे रक्कम आणि व्याजाचे उत्पन्न असते. पण प्राप्तिकरात तिला संपूर्ण भाडे उत्पन्न दाखवावे लागते आणि त्यातून यंत्रावरचा 15 टक्के घसारा, पहिल्या वर्षी 3,00,000 रुपये, मिळतो. मशीन घेण्यासाठी तिने स्वतः बँकेकडून कर्ज काढले असेल तर त्या व्याजाची वजावटही तिचीच. घेणाऱ्याच्या हप्त्यात लपलेल्या व्याजाशी त्याचा संबंध नाही. लोक इथेच दोन व्याजांची गल्लत करतात.

मग कर्ज काढून घेतले असते तर? तेव्हा वर्कशॉपचा मालकच मशीनचा मालक. पहिल्या वर्षी 3,00,000 रुपये घसारा आणि 2,40,000 रुपये व्याज, एकूण 5,40,000 रुपये. हा आकडा भाड्याच्या जवळ आहे, पण 15 टक्के उरलेल्या किमतीवर लागतात, म्हणून दुसऱ्या वर्षी घसारा 2,55,000 आणि व्याज सुमारे 2,02,000 रुपयांवर उतरते. पाच वर्षांत कर्जदाराला सुमारे 18,87,000 रुपयांची वजावट मिळते, लीजवाल्याला 27,74,100 रुपयांची. फरक सुमारे 8,87,000 रुपयांचा आहे, आणि तेवढीच किंमत कर्जदाराच्या करहिशेबात मशीनची शिल्लक असते. त्याचा घसारा त्याला पुढे मिळत राहतो. म्हणजे लीजने वजावट लवकर मिळते, पण पाच वर्षांनी मशीन त्याचे नसते. शिवाय जुन्या करपद्धतीत राहिलेल्या कारखानदाराला नव्या यंत्रावर 20 टक्के अतिरिक्त घसारा मिळू शकतो, आणि मग पहिल्या वर्षाचे पारडे कर्जाकडे झुकते. व्याजदर आणि मशीनची शेवटची किंमत यांचा हिशेब न मांडता केवळ कर वाचतो म्हणून लीज निवडणे चूक आहे.

सर्वांत मोठा धोका करारातल्या एका वाक्यात असतो. मुदतीअखेर नाममात्र रकमेला मशीन विकत घेण्याचा हक्क घेणाऱ्याला दिला असेल, तर 1943 च्या जुन्या परिपत्रकानुसार तो व्यवहार भाडेखरेदी ठरू शकतो. तसे झाले तर खरेदी किमतीवरचा घसारा घेणाऱ्याला मिळतो, आणि हप्त्यातला फक्त भाड्याचा किंवा व्याजाचा भाग खर्चात जातो. वर्षानुवर्षे सगळे भाडे वजा केलेले असले तर ते नामंजूर होण्याची शक्यता असते. दुसरी चूक त्याहून सरसकट होते: वहीत मशीन दिसते म्हणून त्यावर करातही घसारा घेतला जातो आणि भाडेही वजा होते. एकाच मशीनची किंमत अशी दोनदा वजा होते, आणि तपासणीत लीज कंपनीच्या विवरणपत्रातला घसारा समोर आला की ती उघड होते.

लीजवर सही करण्यापूर्वी कराराची मालकी, परतफेड आणि खरेदीचा हक्क ही तीन कलमे सीएसोबत वाचा. घसारा कोण घेणार हे लीज कंपनीकडून लेखी मागा आणि ते पत्र त्या वर्षाच्या विवरणपत्राच्या फाइलमध्ये लावून ठेवा.